अठरा वर्षांचा अनुभव, चार वर्षांची जागा

भोसरीतल्या एका प्रेस शॉपला क्वालिटी इंजिनिअर हवा आहे. अनुभव तीन ते पाच वर्षं, पॅकेज साडेसहा ते आठ लाख, शिफ्टमध्ये काम. नोकरीच्या पोर्टलवर जाहिरात पडली की दोन दिवसांत अर्जांचा ढीग होतो. बहुतेक अर्ज डिप्लोमा किंवा बी.ई. झालेल्या, पंचविशी-तिशीतल्या मुलामुलींचे. त्यातच एक सीव्ही असा येतो की चाळणारी रिक्रूटर थांबते. मेकॅनिकल इंजिनिअर, १८ वर्षांचा अनुभव, त्यातली शेवटची ६ वर्षं वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटी विभागाचा प्रमुख, हाताखाली २२ माणसं, शेवटचं पॅकेज १८ लाख. अपेक्षित पगाराच्या रकान्यात एकच शब्द: ‘निगोशिएबल’.

हा उमेदवार, ही रिक्रूटर आणि पुढे येणाऱ्या कंपन्या विषय समजावा म्हणून रचलेल्या आहेत. पण पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात नोकरभरतीचं काम करणाऱ्या कोणालाही हा सीव्ही ओळखीचा वाटेल. एखादी कंपनी आपली लाइन दुसऱ्या राज्यात हलवते. तिथे जाण्याची ऑफर मिळते, पण मुलीचं दहावीचं वर्ष असतं, घरात म्हातारे आई-वडील असतात, आणि माणूस पुण्यातच राहतो. पहिले दोन महिने तो आपल्या तोलामोलाच्या जागांसाठी अर्ज करतो. तिसऱ्या महिन्यात एक पायरी खालच्या जागा बघायला लागतो. चौथ्या महिन्यात ‘क्वालिटी’ हा शब्द दिसेल तिथे अर्ज टाकतो.

अशा अर्जाचं पुढे काय होतं, तर बहुतेक वेळा काहीच होत नाही. किंवा आठ-दहा दिवसांनी दोन ओळींचं मेल येतं: आपली पात्रता या पदाच्या गरजेपेक्षा अधिक आहे, भविष्यात योग्य संधी आल्यास कळवू. हे वाचून माणसाला काहीही कळत नाही. पगार जास्त वाटला का, वय जास्त वाटलं का, तो टिकणार नाही असं वाटलं का, की सीव्ही कोणी उघडलाच नाही? नकाराचं खरं कारण कळलं तर पुढचा अर्ज बदलता येतो. हे मेल ते कारण झाकून ठेवतं, आणि माणूस तोच सीव्ही घेऊन आणखी पन्नास ठिकाणी तोच नकार गोळा करतो. म्हणूनच या टप्प्यावर रिक्रूटरने केलेल्या वीस मिनिटांच्या प्रामाणिक फोनचं मोल मोठं आहे. तो फोन नीट करणं मात्र सोपं नाही.

आधी रिक्रूटरचं गणित समजून घ्यायला हवं, कारण तिच्या बोलण्यामागे तेही असतं. कन्सल्टन्सीमार्फत भरती होते तेव्हा फी कंपनी देते, उमेदवार नाही. आपल्याकडे ही फी बरेचदा वार्षिक पॅकेजच्या ८.३३ टक्के, म्हणजे एका महिन्याचा पगार, अशी ठरते. वरच्या जागांसाठी ती जास्तही असते. आठ लाखांच्या जागेवर कन्सल्टन्सीला साधारण ६६ हजार मिळतात. पण करारात रिप्लेसमेंटची अट असते. लावलेला माणूस ठरलेल्या मुदतीत, बहुधा ६० किंवा ९० दिवसांत, सोडून गेला तर त्याच्या जागी दुसरा माणूस फुकट शोधून द्यायचा. त्यामुळे ‘हा टिकेल का’ या प्रश्नाचं उत्तर चुकलं तर तिची दोन महिन्यांची मेहनत वाया जाते आणि कंपनीकडची पतही घसरते. कंपनीच्या आतच काम करणाऱ्या एचआर रिक्रूटरला फी नसते, पण जागा पुन्हा रिकामी झाली की तिलाही प्रोडक्शनवाल्यांचं ऐकावं लागतं.

भोसरीच्या त्या जागेवर रोज नेमकं काय करायचं आहे, हे फोन करण्याआधी तिला कंपनीकडून काढून घ्यावं लागतं. जाहिरातीत ते नसतं. हायरिंग मॅनेजरला विचारल्यावर कळतं: सकाळी शिफ्ट सुरू होताना पहिल्या पीसची तपासणी, दर दोन तासांनी पाच-पाच पीस घेऊन मापं लिहायची, नापास झालेला माल बाजूला काढून त्यावर लाल टॅग, ग्राहकाची तक्रार आली तर कारण शोधून अहवालाचा कच्चा मसुदा. अहवाल अंतिम करायचा तो मॅनेजरने. माल पाठवायचा की थांबवायचा, हाही निर्णय मॅनेजरचा. मॅनेजरचं वय ३३. पुढची बढती सीनिअर इंजिनिअरची, आणि ती जागा गेल्याच वर्षी भरलेली.

आता या चित्रात १८ वर्षं अनुभवाचा माणूस ठेवून पाहिलं की अडचण नेमकी कुठे आहे ते दिसतं. त्याला काम येत नाही असा प्रश्नच नाही. गेली सहा वर्षं माल थांबवायचा की सोडायचा हे तो ठरवत होता, आणि इथे त्याला ते ठरवता येणार नाही. एखाद्या दिवशी त्याच्या नजरेला डायची झीज आधीच दिसेल, तो लाइन थांबवा म्हणेल, आणि डिस्पॅचच्या घाईत असलेला मॅनेजर म्हणेल, चालू द्या. त्या दिवशी काय होईल, याचा विचार दोघांनीही आधी केलेला बरा.

फोनची सुरुवात प्रश्नाने व्हायला हवी. चांगल्या आणि वाईट फोनमधला मोठा फरक इथेच पडतो. ‘सर, तुमचा अनुभव फार जास्त आहे’ असं पहिलंच वाक्य कानावर पडलं की समोरचा माणूस बचावाला लागतो: नाही मॅडम, मी काहीही करीन, पगाराचं काही नाही. मग पुढचं सगळं बोलणं विनवणी आणि समजूत यांतच संपतं. त्याऐवजी रिक्रूटर असं विचारू शकते: ‘सर, तुमचा सीव्ही नीट वाचला. तुम्ही डिपार्टमेंट सांभाळलंय आणि ही जागा शॉप फ्लोअरवरच्या इंजिनिअरची आहे. या जागेत तुम्हाला नेमकं काय दिसलं, ते आधी सांगाल का?’

या प्रश्नाला तीन-चार प्रकारची उत्तरं येतात आणि पुढचं बोलणं त्यावरच अवलंबून असतं. कधी माणूस खरोखर खाली उतरायचं ठरवून आलेला असतो. हार्ट अटॅकनंतर डॉक्टरांनी धावपळ कमी करायला सांगितलेली असते. कोल्हापूरला आई एकटी असल्याने तिथल्या शिरोली एमआयडीसीत मिळेल ते काम हवं असतं. एखाद्या बाईने मुलं लहान असताना सात वर्षं नोकरी सोडलेली असते आणि आता दोन पायऱ्या खालून सुरुवात करायला ती मनापासून तयार असते. यांना ‘तुम्ही जास्त शिकलेले आहात’ म्हणून परत पाठवणं हा सरळ अन्याय आहे. त्यांचं कारण कंपनीपर्यंत नीट पोचवणं हे रिक्रूटरचं काम आहे. पण आपल्या उदाहरणातला उमेदवार क्षणभर थांबतो आणि म्हणतो, ‘खरं सांगू का मॅडम? चार महिने घरी आहे. काहीतरी चालू व्हायला हवं.’

हे उत्तर खरं आहे आणि त्यात लाजण्यासारखं काही नाही. पण त्यातून कळतं की त्याला ही जागा नको आहे, त्याला पगार सुरू व्हायला हवा आहे. इथून पुढे आकड्यांत बोलणं सगळ्यात सोयीचं, कारण आकड्यांत कोणाचा अपमान होत नाही.

आठ लाखांच्या पॅकेजमध्ये मूळ वेतन निम्मं धरलं तर महिन्याला ३३ हजारांच्या थोडं वर येतं. कंपनीच्या वाट्याचा पीएफ आणि ग्रॅच्युइटीची तरतूद बहुतेक कंपन्या पॅकेजमध्येच मोजतात. ते झाले साधारण साडेपाच हजार. उरलेल्यातून कर्मचाऱ्याच्या वाट्याचा पीएफ चार हजार आणि व्यवसाय कर दोनशे गेला की बँकेत जमा होतात सुमारे ५७ हजार. १८ लाखांच्या पॅकेजमध्ये त्याच्या हातात याच्या दुप्पट येत होते. घराचा हप्ता ३८ हजारांचा आहे. म्हणजे भोसरीची नोकरी लागली तर हप्ता गेल्यावर घर चालवायला १९ हजार उरतात, त्यात दहावीच्या क्लासची फी.

हे गणित बहुतेक उमेदवारांनी स्वतः केलेलं नसतं. ‘पगार कमी चालेल’ हे वाक्य ते वार्षिक आकड्याकडे बघून बोलतात, महिन्याच्या पासबुकाकडे बघून नाही. रिक्रूटरने ते फोनवर शांतपणे मांडलं आणि ‘यात किती महिने निघतील सर?’ असं विचारलं, तर उत्तर तिला द्यावंच लागत नाही. उमेदवार स्वतःच म्हणतो, ‘फार तर सहा महिने.’ आता दोघांसमोर तीच माहिती आहे. सहा महिन्यांनी तो दुसरी नोकरी शोधणार. म्हणजे कंपनीने त्याला शिकवलेली तिची पद्धत वाया जाणार, आणि त्याच्या सीव्हीवर विभागप्रमुखानंतर सहा महिन्यांची इंजिनिअरची नोकरी कायमची बसणार. पुढच्या मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच ओळीवर येणार. शिवाय अनेक कंपन्या नवा पगार आधीच्या पगारावर टक्केवारीने ठरवतात. १८ लाखांवरून बोलणी सुरू होण्याऐवजी आठ लाखांवरून सुरू होतील, हा तोटा तर पहिल्या दिवसापासूनचा.

मग मॅनेजरच्या वयाची गोष्ट. इथे पुष्कळ रिक्रूटर घसरतात. ‘तुम्हाला तुमच्यापेक्षा लहान माणसाच्या हाताखाली जमणार नाही’ हे वाक्य उमेदवाराच्या वयावर जातं आणि त्याच्या स्वभावाबद्दल परस्पर निकालही देतं. सांगायचं असेल ते अधिकाराबद्दल सांगावं: ‘तिथे माल रोखायचा अधिकार या जागेला नाही, तो मॅनेजरकडे आहे. तुमचं म्हणणं बरोबर असूनही ते डावललं जाण्याचे प्रसंग येतील. ते तुम्हाला चालेल का, हे तुम्हीच ठरवा.’ मॅनेजर ३३ वर्षांचा असो की ५३, ही अडचण तीच राहते, म्हणून सांगण्याचं खरं कारणही तेच आहे.

वयाबद्दलची ही सावधगिरी केवळ सभ्यतेपोटी नाही. जास्त पात्रतेचं कारण हे अनेकदा वयाला पुढे केलेला पडदा असतो, हे अमेरिकेतल्या न्यायालयांनी नोंदवलेलं आहे. तिथे चाळिशीपुढच्या कर्मचाऱ्यांना वयावरून डावलण्याविरुद्ध १९६७ चा कायदा आहे. टाइम या प्रकाशन कंपनीविरुद्ध टॅगर्ट यांच्या खटल्यात १९९१ साली अपील न्यायालयाने हेच म्हटलं. वयाने मोठ्या उमेदवाराला ‘तुमची पात्रता जास्त आहे’ सांगणं म्हणजे अनेकदा ‘तुम्ही म्हातारे आहात’ हेच दुसऱ्या शब्दांत सांगणं, असा त्या निकालाचा रोख होता. आपल्याकडे खासगी कंपन्यांच्या भरतीला असा कायदा नाही. त्यामुळे हा पडदा बाजूला करण्याची जबाबदारी भरती करणाऱ्यांच्या सचोटीवरच येते. कंपनीने ‘चाळिशीच्या आतला द्या’ असं फोनवर कुजबुजून सांगितलं असेल, तर उमेदवाराला वेगळंच कारण रचून सांगणारी रिक्रूटर त्याचा विश्वास कायमचा गमावते.

जास्त पात्रता हे कारण उघडपणे, लेखी दिलं गेल्याची उदाहरणंही आहेत. अमेरिकेतल्या कनेक्टिकट राज्यात न्यू लंडन नावाचं शहर आहे. तिथल्या पोलीस भरतीसाठी रॉबर्ट जॉर्डन यांनी १९९६ साली ५० प्रश्नांची चाचणी दिली आणि ३३ गुण मिळवले. शहराने मुलाखतीला बोलावलं ते २० ते २७ गुणांच्या उमेदवारांना. फार हुशार माणूस गस्तीच्या कामाला कंटाळेल आणि महागडं प्रशिक्षण घेऊन सोडून जाईल, असं कारण देण्यात आलं. जॉर्डन न्यायालयात गेले आणि २००० साली अपिलातही हरले. नियम शहाणपणाचा आहे की नाही हा वेगळा मुद्दा, पण तो सगळ्यांना सारखा लावला होता आणि त्यामागे काही एक तर्क होता, एवढं न्यायालयाला पुरेसं वाटलं.

आपल्याकडे सर्वोच्च न्यायालयाने या प्रश्नावर दोन्ही बाजूंची भूमिका घेतलेली दिसते. नागपूरच्या जिल्हा न्यायालयातल्या शिपाई भरतीच्या प्रकरणात २००० साली न्यायालयाने म्हटलं की ठरवलेल्यापेक्षा जास्त शिक्षण आहे म्हणून उमेदवाराचा विचारच न करणं तर्काला धरून नाही. पुढे पंजाब नॅशनल बँकेने ओडिशात शिपायाच्या जागेसाठी जाहिरात दिली, तीत उमेदवार बारावी झालेला असावा पण पदवीधर नसावा अशी अट होती. एका उमेदवाराने पदवी लपवून नोकरी मिळवली. उच्च न्यायालय त्याच्या बाजूने होतं, पण ३ नोव्हेंबर २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने बँकेची बाजू उचलून धरली. अट जाहिरातीत स्पष्ट होती आणि माहिती दडवली गेली होती, हे त्यात महत्त्वाचं ठरलं. सरकारी जागांवर ही झुंबड का उडते, ते उत्तर प्रदेशात २०१५ साली दिसलं: शिपायांच्या ३६८ जागांसाठी २३ लाख अर्ज आले आणि त्यांत अडीचशेच्या वर पीएच.डी. झालेले उमेदवार होते.

सरकारी जाहिरातीत निदान अट छापलेली असते. खासगी जागेवर ती कुठेच छापलेली नसते, ती हायरिंग मॅनेजरच्या मनात असते. आणि मनातल्या त्या भीतीत किती तथ्य आहे, हे अभ्यासकांनी तपासलं आहे. गॅल्पेरिन, हाल, स्टर्लिंग आणि गुओ या संशोधकांनी २०२० साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात भरती करणाऱ्या मॅनेजरांसमोर कमी-अधिक क्षमतेचे उमेदवार ठेवले. जास्त क्षमतेच्या माणसाला काम जमेल याबद्दल मॅनेजरांना शंका नव्हती. पण तो कंपनीशी बांधलेला राहील यावर त्यांचा विश्वास कमी होता, आणि त्यामुळे तो मागे पडत होता. उलट बाजू बेरिन एर्दोगान आणि तालिया बाउअर यांच्या २००९ च्या अभ्यासात दिसते. तुर्कस्तानातल्या कपड्यांच्या दुकानांमध्ये, आपली पात्रता कामापेक्षा जास्त आहे असं वाटणाऱ्या विक्रेत्यांची विक्री चांगली होती. आणि कामात स्वतः निर्णय घ्यायला मोकळीक आहे असं ज्यांना वाटत होतं, त्यांच्यात नोकरी सोडण्याची इच्छाही तेवढी वाढलेली नव्हती.

म्हणजे ‘टिकणार नाही’ ही भीती सरसकट खरी नाही; अधिकार किती मिळतो यावर ती बरीच ठरते. रिक्रूटरला यातून एक कामाची गोष्ट मिळते. ती भोसरीच्या कंपनीला विचारू शकते की हीच जागा थोडी मोठी करता येईल का: शिफ्टचं काम काढून ग्राहकांच्या तक्रारी आणि डाय-मंजुरी एकाच माणसाकडे देता येईल का? कंपनीने ‘बजेट नाही, आम्हाला फ्लोअरवर माणूस हवा’ असं स्पष्ट सांगितलं, की तो दरवाजा बंद झाला हे ती उमेदवाराला खात्रीने सांगू शकते. विचारलंच नाही, तर तिचं सांगणं नुसता अंदाज राहतो.

इथवर झालं ते नकाराचं. आता दुसऱ्या जागेचं.

बरेच रिक्रूटर इथे ‘तुमचा सीव्ही डेटाबेसमध्ये ठेवते, काही आलं तर कळवते’ म्हणून फोन ठेवतात. हे सुचवणं नव्हे. सुचवायचं तर एक जागा, एक कंपनी, एक कारण असं नेमकं सुचवावं लागतं, आणि त्यासाठी सीव्ही दुसऱ्यांदा वेगळ्या नजरेने वाचावा लागतो. पहिल्या वाचनात पदं आणि वर्षं दिसतात. दुसऱ्या वाचनात या माणसाने काय घडवून आणलं ते शोधायचं असतं. आपल्या उमेदवाराच्या सीव्हीत तिसऱ्या पानावर, कॅन्टीन कमिटीच्या वरती, एक ओळ दडलेली आहे: दोन कारखान्यांना आयएटीएफ १६९४९ प्रमाणपत्र मिळवून देण्यात सहभाग.

वाहन उद्योगाबाहेरच्या वाचकांसाठी थोडं सांगायला हवं. हे वाहनांच्या सुट्या भागांच्या कारखान्यांसाठीचं गुणवत्ता व्यवस्थेचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, २०१६ साली आलेलं. मोठ्या गाडी कंपन्यांना माल द्यायचा असेल तर पुरवठादाराकडे हे प्रमाणपत्र असावं लागतं किंवा ठराविक मुदतीत मिळवावं लागतं. ज्या लहान कारखान्याकडे ते नाही, त्याच्यासमोर एक काळ असा येतो की ग्राहक म्हणतो, अमुक तारखेपर्यंत आणा, नाहीतर नवी ऑर्डर नाही. तेव्हा त्या कारखान्याला फाइली तयार करणारा मुलगा पुरत नाही. ऑडिटरसमोर बसलेला, ऑडिटर कोणता कागद मागतो आणि मग शॉप फ्लोअरवर जाऊन त्याची कशी पडताळणी करतो हे पाहिलेला माणूस लागतो.

अशीच एक जागा रिक्रूटरच्या यादीत दोन महिने पडून आहे. रांजणगावचा दीडशे कामगारांचा फॅब्रिकेशनचा कारखाना, मालक चालवतो तसा, क्वालिटी हेड हवा, बजेट १३ ते १४ लाख. जाहिरात दिली तेव्हा मोठ्या कंपन्यांतल्या लोकांनी कारखान्याचं नाव ऐकून अर्जच केला नाही. आपल्या उमेदवाराने तो पाहिला नव्हता, कारण तो पोर्टलवर शोधताना पुणे आणि पिंपरी-चिंचवड एवढंच निवडत होता.

ही जागा सांगताना तिने तोट्यांपासून सुरुवात केली तर माणसाचा विश्वास बसतो. रांजणगाव पुण्यापासून पन्नासेक किलोमीटर, चिंचवडहून त्याहून लांब, आणि वाघोली-शिक्रापूरची वाहतूक रोजची. या कारखान्याला कंपनीची बस नाही. शनिवारी सुट्टी नाही. गुणवत्तेचा अंतिम शब्द क्वालिटी हेडचा असेल असं मालक म्हणतो, पण पैसे लागणारा प्रत्येक निर्णय त्याच्या केबिनमधून जातो. मोजमापाचं एक यंत्र घ्यायचं म्हटलं तरी महिना जाऊ शकतो. आधीचा क्वालिटी मॅनेजर आठ महिन्यांत सोडून गेला आहे, आणि का गेला तेही तिने विचारून ठेवलेलं असायला हवं. पॅकेज आधीपेक्षा चार-पाच लाखांनी कमी. पण हप्ता निघतो, पद खाली जात नाही, आणि सहभाग म्हणून लिहिलेली ती ओळ इथे मुख्य काम बनते.

आणखी एक गोष्ट तिने स्वतःहून सांगायला हवी. १४ लाखांच्या जागेवर ८.३३ टक्क्यांनी तिच्या कन्सल्टन्सीला १ लाख १६ हजारांच्या वर फी मिळते, भोसरीच्या जागेपेक्षा जवळजवळ ५० हजार जास्त. उमेदवाराला हे माहीत नसेल आणि नंतर कळलं, तर सगळा सल्ला त्याला संशयास्पद वाटू लागतो. ‘इथे आमची फीही जास्त आहे, म्हणून तुम्ही मालकाला भेटून स्वतः खात्री करा’ एवढं वाक्य पुरतं. आणि तिच्याकडे अशी जागाच नसती तर? तर दुसऱ्या कन्सल्टन्सीकडे किंवा थेट कंपनीत जाण्याचा रस्ता दाखवणं, फी बुडत असली तरी, तेवढंच तिचं काम आहे. सप्लायर क्वालिटीच्या जागा, जिथे वाहन कंपनीतर्फे वाळूज, सातपूर किंवा होसूरच्या पुरवठादारांकडे फिरून त्यांची व्यवस्था तपासायची असते, या माणसाला नीट बसतात. त्या कोण भरतं हे पुण्यातल्या रिक्रूटरला ठाऊक असतं.

सीव्ही पाठवण्याआधी त्याची स्पष्ट, लेखी संमती घ्यायची. व्हॉट्सॲपवरचा ‘हो, पाठवा’ हा मेसेजही चालतो. ही औपचारिकता नव्हे. एकाच माणसाचा सीव्ही दोन कन्सल्टन्सींकडून एकाच कंपनीत गेला की फी कोणाची यावरून वाद होतो, आणि वाद नको म्हणून कंपनी बरेचदा उमेदवारालाच बाजूला ठेवते. त्याच्या जुन्या कंपनीतला कोणी रांजणगावला असेल, तर तेही त्याला आधी कळायला हवं.

मग सीव्हीची दुरुस्ती. चार पानांचा सीव्ही दोन पानांवर येतो. ‘सहभाग’ ऐवजी नेमकं काय केलं ते येतं: कितव्या महिन्यात अंतर्गत ऑडिट घेतलं, बाहेरच्या ऑडिटमध्ये किती मोठ्या त्रुटी निघाल्या, त्या किती दिवसांत बंद केल्या. हे आकडे त्याच्याकडे होते, फक्त लिहिलेले नव्हते. आणि भोसरीच्या अर्जाचं काय, तर तो निर्णय त्याचाच. सगळं ऐकूनही त्याने ‘तोपर्यंत तिकडेही पाठवा’ म्हटलं असतं तर रिक्रूटरने त्याचा अर्ज कंपनीसमोर ठेवायला हवा होता, त्याने सांगितलेल्या कारणासकट. इथे तो म्हणतो, ‘ते राहू द्या. रांजणगावचं बघतो.’

मालकाशी भेट शनिवारी, कारखान्यातच ठरते. रिक्रूटर त्याला तीन गोष्टी तिथेच विचारून घ्यायला सांगते: ग्राहकाने प्रमाणपत्रासाठी दिलेली तारीख कोणती, माल रोखण्याचा अधिकार नेमणूकपत्रात लिहून मिळेल का, आणि आधीचा माणूस का गेला. तिसऱ्या प्रश्नाचं मालकाचं उत्तर आणि तिने स्वतः काढलेली माहिती जुळतात का, ते सोमवारी फोनवर ताडून पाहायचं ठरतं. पगाराचं बोलणं त्यानंतर.